खाचराचा कागद, पंपाची प्लेट आणि पाण्याचे तास

*“मुरबाडजवळ भाताच्या खाचरात यंदा उन्हाळी भेंडी लावली आहे. प्लॉटचा कच्चा नकाशा कागदावर काढून फोटो टाकला आहे, चारही बाजू फुटांत लिहिल्या आहेत. पंप ३ एचपी, प्लेटवर ६ लिटर प्रति सेकंद. दर सहा दिवसांनी ५० मिलिमीटर पाणी धरलं तर दोन तास येतात. पण दोन तासांत शेवटच्या वीसेक सऱ्या कोरड्याच राहतात. पंप किती वेळ चालवायचा? गटातल्या बाकीच्यांचाही हाच गोंधळ आहे.”*

भाऊ, तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे. घोटाळा त्यात घातलेल्या आकड्यांत आहे. क्षेत्र जास्त धरलंय आणि पंपाचा प्रवाह त्याहून कितीतरी जास्त धरलाय. या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात, म्हणून उत्तर फार वेडंवाकडं दिसत नाही. यातली नुसती क्षेत्राची चूक दुरुस्त केली तर उत्तर आणखी बिघडेल. उद्या कुणी तुमचं क्षेत्र नीट मोजून दिलं आणि प्रवाह प्लेटवरचाच ठेवला, तर दोन तासांचे पावणेदोन होतील आणि कोरड्या सऱ्या वाढतील. म्हणून दोन्ही आकडे एकदमच बघू.

आधी नकाशा. फोटो तिरका काढलाय, कागदाचा वरचा भाग लांब गेल्याने बारीक झालाय. अशा फोटोवर पट्टी ठेवून काहीही मोजायचं नाही, कारण त्यातले कोन आणि प्रमाण दोन्ही खोटे असतात. फोटोतून घ्यायचे ते फक्त हाताने लिहिलेले आकडे. तेही जपून. तुमच्या खालच्या बाजूवर मला आधी १९० वाचता आलं, कारण मधल्या एकाची गाठ जरा मोठी पडली आहे. फोनवर विचारल्यावर तुम्ही ११० सांगितलंत. १९० धरलं असतं तर क्षेत्र अडीच गुंठ्यांहून जास्त वाढलं असतं, आणि आकृती तरीही जुळली असती, म्हणजे चूक लक्षातही आली नसती. तेव्हा गटातल्या सगळ्यांनी नकाशावर आकड्याशेजारी अक्षरातही लिहावं, ‘एकशे दहा फूट’ असं. आणि एकक लिहायला विसरू नये. अर्धा नकाशा फुटांत आणि अर्धा पावलांत असलेले कागद मी बरेच पाहिलेत.

आता खरी अडचण. चार बाजू कळल्या म्हणून चौकोनाचं क्षेत्र ठरत नाही. सायकलच्या चाकाची काडी काढून चार तुकड्यांचा चौकोन बांधलात आणि एका कोपऱ्याला ढकललंत तर तो तिरका होतो, बाजू त्याच राहतात, आतली जागा मात्र कमी होते. तुम्ही समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केलात. १३० आणि ११० ची सरासरी १२०, ९० आणि ७० ची ८०, म्हणून ९,६०० चौरस फूट. ही रीत काटकोनी खाचराला चालते. तुमचं खाचर ओढ्याच्या कडेने तिरकं गेलंय, हे नकाशात ओढ्याची रेघ कशी वळली आहे त्यावरूनच कळतं. तिथे ही रीत नेहमी क्षेत्र वाढवूनच सांगते, कमी कधीच सांगत नाही.

म्हणून मी तुमच्याकडून कर्ण मागितला. विहिरीच्या कोपऱ्यापासून समोरच्या आंब्याच्या कोपऱ्यापर्यंत तुम्ही टेप धरलात आणि १६५ फूट आले. त्या एका मापाने खाचराचे दोन त्रिकोण झाले आणि त्रिकोणाचं क्षेत्र तीन बाजूंवरून पक्कं निघतं. पहिल्या त्रिकोणाच्या बाजू १३०, ९० आणि १६५. तिन्हींची बेरीज ३८५, तिची निम्मी १९२.५. या निम्म्यातून एकेक बाजू वजा केली की ६२.५, १०२.५ आणि २७.५ उरतात. हे तिन्ही आकडे आणि १९२.५ असे चार आकडे एकमेकांशी गुणायचे आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ काढायचं. आलं सुमारे ५,८२३ चौरस फूट. दुसरा त्रिकोण ११०, ७० आणि १६५ चा, तो तसाच केला तर २,८७९. दोन्ही मिळून ८,७०२ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्याने भागलं की बरोबर आठ गुंठे. तुमच्या रीतीने पावणेनऊच्या वर आले होते. याच चार बाजू आणि कर्ण १४० असता, तर क्षेत्र ८.७ गुंठे भरलं असतं. सगळा फरक त्या एका टेपाने पडतो.

त्यातून जिथे पाणी जायचं नाही ती जागा वजा करा. तुमच्या नकाशात विहिरीजवळचा मांडव ३० बाय २० फुटांचा दाखवलाय, ते ६०० चौरस फूट गेले. राहिले ८,१०२, म्हणजे साधारण ७५० चौरस मीटर. चौरस मीटरमध्ये नेण्याचं कारण एवढंच की पुढचा हिशोब तोंडी होतो. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर पसरलं की ते बरोबर एक लिटर भरतं.

कुणीतरी म्हणेल की सातबारावर क्षेत्र आहेच की, टेप कशाला? सातबारा गट नंबरचा असतो. एका नंबरात आपल्याकडे चार-चार खाचरं, बांध, वरकस माळ आणि पोटखराबा सगळं येतं. भेंडी लावलेलं खाचर त्यातलं नेमकं किती, ते त्यात नसतं. दुसरं कुणी मोबाइलच्या ॲपने चालत क्षेत्र मोजायला सांगेल. पाच एकरांच्या तुकड्याला ते ठीक आहे. पण मोबाइलची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे होणं नेहमीचंच, आणि तुमचं खाचर एका अंगाला जेमतेम पंचवीस मीटर आहे. आठ गुंठ्यांत तेवढी चूक परवडत नाही. झाडाखाली तर ॲप आणखी भरकटतं. तीस मीटरचा टेप आणि दोन माणसं, अर्ध्या तासात काम होतं.

आता पाणी किती द्यायचं. तुम्ही ५० मिलिमीटर धरलेत, आणि मीही शेवटी ५० वरच येतो. फक्त त्यातलं सगळं भेंडीच्या मुळाशी जात नाही, हे लक्षात असू द्या. पूर्ण वाढलेल्या भेंडीला आपल्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला पाचेक मिलिमीटर धरून मी चालतो. सहा दिवसांचे झाले तीस. उरलेले वीस दांडात मुरतात, सरीच्या तोंडाशी गरजेपेक्षा जास्त खोल जातात, आणि शेपटाला साचून वाया जातात. मातीच्या दांडातून सरीला पाणी लावताना शंभरातलं साठ लिटर कामी आलं तरी मी समाधान मानतो. ३० ला ०.६ ने भागलं की ५०. तुम्ही दांडाऐवजी पाइप थेट सरीच्या तोंडापर्यंत नेलात तर शंभरातलं ७० ते ७५ कामी येईल आणि ५० चे ४० ते ४३ होतील. म्हणजे तास कमी करायचे असतील तर पंप मोठा घेण्याआधी दांड बघा.

हा ५० चा आकडा मात्र जमिनीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या बाबतीत इथेच मला शंका आहे. मध्यम जमिनीत एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण १२० मिलिमीटर पाणी राहतं. भेंडीची मुळं दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर गेली तर तिच्या वाट्याला ५४ येतात, आणि त्यातलं निम्मं संपेपर्यंत पीक तग धरून चांगलं राहतं. म्हणजे पुन्हा भरायचे ते २७, जवळपास तीसच. जमतंय. पण हे भाताचं खाचर आहे. वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या खाचरात सहा-आठ इंचांखाली घट्ट थर बसलेला असतो. भेंडीआधी खोल नांगरट करून तो फोडला नसेल तर मुळं फुटाभराच्या खाली जात नाहीत, आणि जमीन धरून ठेवते ते पाणीही कमी होतं, १८ मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यावर पीक सहा दिवस निघत नाही, चार दिवसांतच दुपारी पानं माना टाकतात.

हे तपासायला खर्च नाही. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी बोटाएवढी जाड गुळगुळीत लोखंडी सळई सरीच्या वरंब्यात हाताने दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते आणि जिथे कोरडी माती किंवा घट्ट थर लागतो तिथे अडते. दीड फूट गेली तर सहा दिवसांची पाळी ठेवा. अर्ध्या-पाऊण फुटावर ठप्प झाली तर तिथेच कुदळीने उकरून बघा. खाली माती ओली असूनही सळई अडली असेल तर तो चिखलणीचा थर, आणि कोरडी असेल तर पाणीच कमी पडलंय. थर असेल तर या हंगामात पाळी तीन-चार दिवसांवर आणा आणि पुढच्या वर्षी नांगरट खोल करा.

एक गोष्ट गटात वारंवार उलटी होते. रोप लहान आहे म्हणून पंप कमी वेळ चालवायचा आणि रोप मोठं झालं की जास्त. ठिबकला हे चालतं. सरीला चालत नाही, कारण पाणी सरीच्या शेपटापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो लागतोच. अर्ध्यावर बंद केलात तर तोंडाकडचं रोप भिजतं आणि शेपटाचं उपाशी राहतं. म्हणून सरीत पाळीचा वेळ जवळपास तोच ठेवायचा आणि दोन पाळ्यांमधले दिवस कमीजास्त करायचे. रोप लहान असताना गरज निम्मी असते, पण मुळंही उथळ असतात. तेव्हा सुरुवातीच्या पाळ्या सळईवर बघूनच ठरवा, आकड्यावर नाही.

मग प्रवाह. प्लेटवर ६ लिटर प्रति सेकंद लिहिलंय ते खोटं नाही, पण त्याच्या शेजारी एक ‘हेड’ही लिहिलेला असतो. तो आकडा म्हणतो की पाणी एवढ्या मीटर उंचीवर चढवायचं असेल तर एवढा प्रवाह मिळेल. उंची वाढली की प्रवाह कमी. उंची म्हणजे विहिरीतल्या पाण्यापासून पाइपच्या तोंडापर्यंतची, अधिक पाइपमधल्या घर्षणाने खाल्लेली. तुमचा पाइप ६३ मिलिमीटरचा आहे. त्यातून सेकंदाला ६ लिटर ढकलायचे तर शंभर मीटर पाइपला आठेक मीटर उंची नुसत्या घर्षणात जाते. वर एल्बो, फूटव्हॉल्व्ह, कुठे पाइपला गुंडाळलेली ट्यूब, ती गळती वेगळी. शिवाय तुमची विहीर मार्चमध्ये खाली जाते. डिसेंबरात आणि आता एप्रिलच्या तोंडावर एकच पंप एकच पाणी देणार नाही. व्होल्टेज पडलं की तोही फरक पडतो.

त्यामुळे प्रवाह पिंपाने मोजायचा, आणि तो पंपाजवळ नाही तर जिथे पाणी दांडात पडतं तिथे. तुम्ही २०० लिटरचा ड्रम वापरलात. त्यावर एक सूचना: ड्रमवर २०० लिटर लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. एकदा वीस लिटरच्या कॅनने भरून खात्री करा आणि खूण करून ठेवा. पाइपचं तोंड ड्रममध्ये एका झटक्यात फिरवायचं, खुणेला पाणी लागलं की फोनवरचं घड्याळ थांबवायचं, आणि हे तीनदा करून मधला वेळ घ्यायचा. तुमचं माप पंप सुरू केल्यावर दहा मिनिटांनी ५५ सेकंद आलं आणि पाळी संपताना ६५. म्हणजे सुरुवातीला मिनिटाला २१८ लिटर, शेवटी १८५. पंप चालताना विहीर खाली जाते आणि झऱ्याने ती तेवढ्या वेगाने भरत नाही, म्हणून हा फरक. सरासरी मिनिटाला २०० धरू. प्लेटच्या हिशोबाने ३६० होते.

आता सगळं जोडू. ७५० चौरस मीटरला ५० मिलिमीटर म्हणजे ३७,५०० लिटर. मिनिटाला २०० लिटर, म्हणजे १८७ ते १८८ मिनिटं. तीन तास आणि वर आठ मिनिटं. गटातल्या इतरांसाठी हेच एका ओळीत:

```
मिनिटं = चौ. मीटर × मिलिमीटर ÷ लिटर प्रति मिनिट
       = ७५० × ५० ÷ २०० = १८७.५
```

तुमच्या जुन्या हिशोबाशी ताडून बघा. दोन तासांत प्रत्यक्षात पडलं २४,००० लिटर, म्हणजे गरजेच्या ६४ टक्के. साठ सऱ्यांपैकी अडतीस भिजल्या आणि बाकी बावीस राहिल्या. तुम्ही ‘वीसेक’ म्हणालात. कागदावरचा आकडा आणि शेतात दिसणारी गोष्ट अशी जुळली की मी त्या हिशोबावर भरवसा ठेवतो. जुळली नसती तर आधी ड्रमचं माप पुन्हा घ्यायला लावलं असतं.

तीन तास आठ मिनिटं हे पंपाचं झालं. शेतात माणूस उभा असतो तो सऱ्या फोडतो, त्याला हा आकडा काही उपयोगाचा नाही. तुम्ही चार सऱ्या एकदम उघडता, साठ सऱ्यांच्या पंधरा चौकड्या होतात. १८७.५ ला १५ ने भागलं की प्रत्येक चौकडीला साडेबारा मिनिटं. पण तिरक्या खाचरात सगळ्या सऱ्या सारख्या नाहीत. एका अंगाला ९० फूट, दुसऱ्या अंगाला ७०. तेव्हा लांब सऱ्यांना चौदा मिनिटं आणि आखूड सऱ्यांना अकरा, मधल्यांना मधलं. बेरीज तीच राहते. मांडवाजवळच्या अर्धवट सऱ्यांना त्यांच्या लांबीप्रमाणे कमी. आणि विहीर उतरत जाते, म्हणून शेवटच्या दोन-तीन चौकड्यांना एखादं मिनिट जास्त द्यावं. दर वेळी लांब अंगाकडूनच सुरुवात करू नका, आलटून पालटून करा, म्हणजे कमी प्रवाह नेहमी त्याच सऱ्यांच्या वाट्याला येणार नाही.

साडेबारा मिनिटांच्या आतच, समजा सात मिनिटांत, पाणी शेपटाला पोचून साचायला लागलं तर सरीतला प्रवाह फार आहे. चारऐवजी सहा सऱ्या एकदम उघडा आणि वेळ त्याच प्रमाणात वाढवा. उलट वीस मिनिटांतही पाणी शेपटाला लागत नसेल तर चारच्या तीन करा. जमीन हलकी असेल तर एवढ्यानेही भागत नाही, मग सरी मधोमध तोडून दुसरा दांड काढावा लागतो.

वीज मध्येच गेली तर घड्याळ थांबवा, आणि परत आल्यावर पाइपातून पूर्ण धार सुरू झाल्यापासून पुढे मोजा. तुमच्या शंभर मीटर पाइपात अडीचशे लिटरहून जास्त पाणी मावतं. फूटव्हॉल्व्ह गळका असेल तर तो रिकामा होतो आणि दर वेळी मिनिट-दीड मिनिट नुसतं भरण्यात जातं, वर पंपाला पाणी पाजण्याचा खटाटोप वेगळा. तीनदा वीज गेली तर एका सरीचं पाणी त्यातच गेलं.

गटासाठी थोडक्यात सांगायचं तर नकाशा एकदाच नीट करा: चार बाजू, एक कर्ण, अक्षरात आकडे, एकक, आणि न भिजवायची जागा. पाच कोपरे असतील तर दोन कर्ण लागतील. हा कागद खाचर बदलत नाही तोवर चालतो. ड्रमचं माप मात्र महिन्यातून एकदा घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांनी, कारण तेव्हा विहीर झपाट्याने उतरते. ६५ सेकंदांचे ८० झाले तर मिनिटाला १५० च लिटर उरले, आणि तुमची पाळी चार तासांच्या पुढे जाईल. विहीर तेवढा वेळ पाणी देत नसेल तर आजच्या आज अर्धं खाचर आणि उद्या अर्धं, असं वाटून घ्या. ज्यांचं ठिबक आहे त्यांनी हा हिशोब वापरू नये. तिथे प्रवाह नळीतल्या ड्रिपरवर ठरतो, ड्रिपर किती आणि तासाला किती लिटरचा, यावरून वेळ निघतो. त्यांनी लॅटरलमधलं अंतर आणि ड्रिपरचं माप लिहून पाठवावं.

आणि भाऊ, पुढच्या पाण्याच्या दुसऱ्या दिवशी सळईचं माप तोंडाला, मध्ये आणि शेपटाला असं तीन ठिकाणी घेऊन कळवा. शेपटाला फुटाच्या आत अडली तर मिनिटं पुन्हा बसवू.